दारू, सिगरेट आणि तंबाखू-चुना: त्या रात्री काय होतं आणि पंधरा वर्षांनी काय होतं

मालवणच्या बाजूला बंदराजवळ माझं मेडिकल आहे. एकोणीस वर्षं काउंटरला उभा आहे, त्यामुळे कोण काय मागायला आलाय ते तो बोलायच्या आधीच कळतं. गर्दी असताना एखादा माणूस बाजूला उभा राहतो, कॅलेंडर वाचल्यासारखं करतो, दुसऱ्याला पुढे जाऊ देतो, आणि दुकान रिकामं झालं की पुढे येऊन खालच्या आवाजात विचारतो, "ती गोळी आसा मां?" गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात असे जास्त येतात, कारण चाकरमानी गावाला आलेले असतात, चार-सहा महिन्यांनी नवरा-बायको एका छपराखाली असतात, आणि त्याच संध्याकाळी मित्रांबरोबर बसणंही झालेलं असतं. रात्री जमत नाही आणि सकाळी माणूस माझ्याकडे येतो.

मी दर वेळी एकच विचारतो, काल किती घेतली होती आणि तोंडात काय असतं? बहुतेकांना या दोन प्रश्नांचा त्या ताठरतेच्या गोळीशी काय संबंध ते कळत नाही. तो संबंध मी रोज एकेकाला सांगतो, तो इथे एकदा नीट लिहितोय. यातल्या एका तांडेलाची, म्हणजे मासेमारीची बोट चालवणाऱ्याची, गोष्ट त्याला विचारूनच सांगतोय, नाव-गाव सोडून.

## ताठरता येते कशी, सायकलच्या ट्यूबवरून

लिंगात हाड नसतं आणि आपल्याला वाटतो तसा ताकदीचा स्नायूही नसतो. आत लांबीला दोन स्पंजासारखे कप्पे असतात आणि त्यांच्याभोवती एक चिवट न ताणणारं आवरण असतं. सायकलचा टायर आणि आतली ट्यूब डोळ्यासमोर आणा. ट्यूब म्हणजे स्पंज, टायर म्हणजे आवरण, हवेच्या जागी रक्त. रक्त आणणारी नळी आतून येते, आणि रक्त परत नेणाऱ्या बारीक शिरा ट्यूब आणि टायरच्या मधल्या जागेतून जातात. स्पंज पुरेसा भरला की तो टायरला आतून दाबतो, मधल्या शिरा चेपतात, परतीची वाट बंद होते आणि रक्त आत अडकून राहतं. हा जो अडकलेला दाब आहे तोच कडकपणा. म्हणजे नुसतं रक्त येऊन चालत नाही, इतक्या जोरात आणि इतकं यावं लागतं की परतीची वाट दाबली जाईल, नाहीतर अर्धवट भरतं आणि गळतं. "येतं पण टिकत नाही" म्हणतात ना, बऱ्याच वेळा ते हेच असतं.

आता रक्त येऊ द्यायचं की नाही हे कोण ठरवतं? स्पंजाच्या भिंतीत बारीक स्नायू असतात ते एरवी आवळलेले असतात, दिवसभर. ते सैल झाले तरच रक्त आत शिरतं. गंमत अशी की लिंग ताठ होणं म्हणजे आतले स्नायू सैल होणं. ते सैल करणारा निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू, जो नसांच्या टोकातून आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून सुटतो, क्षणभर टिकतो आणि काम करून जातो. रक्तवाहिन्यांतल्या या निरोप्याचा शोध लावल्याबद्दल १९९८ साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं, आणि ती निळी गोळीही त्याच वर्षी बाजारात आली.

शरीरात दोन वायरिंग आहेत असं समजा. एक आरामाची, कण्याच्या खालच्या टोकातून येणारी, जी नायट्रिक ऑक्साइड सोडायला सांगते. दुसरी धावपळीची, भीती, टेन्शन, पळापळ असताना चालू होणारी, जी सगळं आवळते. दारू, धूर आणि तंबाखू या तिघांची त्या रात्रीची करामत या दोन वायरिंगवर आहे, आणि वर्षानुवर्षांची करामत त्या अस्तरावर आहे. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या की बाकी सगळं आपोआप कळतं.

## दारू: त्या रात्रीचा हिशोब

पहिल्या ३० मिलीत माणूस मोकळा होतो हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. दडपण उतरतं, लाज कमी होते, धावपळीची वायरिंग जरा थंड होते. म्हणूनच "थोडी घेतल्याशिवाय मूड येत नाही" असं वाटायला लागतं. पण दारू तिथे थांबत नाही. ती मेंदू आणि कण्यातल्या निरोपांची गती कमी करते, चामडीची जाणीव बोथट करते, आणि आरामाची वायरिंग जो निरोप खाली पाठवते तोच मंद पडतो. प्रयोगशाळेत मोजून पाहिलंय, जशी रक्तातली दारू वाढते तशी ताठरता उतरत जाते, आणि बरेचदा मनातली इच्छा मात्र तशीच असते. म्हणून माणूस गोंधळतो, डोक्यात सगळं आहे आणि खाली काहीच नाही.

किती म्हणजे किती ते बघू, कारण "जास्त नाही घेतली" हे मी रोज ऐकतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ३० मिलीच्या पेगात साधारण १० ग्रॅम शुद्ध दारू येते. क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे ६० ग्रॅम, सहा छोटे पेग. लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम काढून टाकतं आणि त्याला घाई करता येत नाही, लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यातल्या कशानेही नाही. रात्री नऊला बसलात, अकराला क्वार्टर संपली, साडेअकराला घरी पोचलात, तर तोपर्यंत जेमतेम दोन-अडीच पेग निघालेत. साडेतीन-चार पेग अजून रक्तात फिरतायत आणि त्या अवस्थेत तुम्ही शरीराकडून काम मागताय. सगळी दारू उतरायला पहाट होते.

"मी बिअरच घेतो" म्हणणाऱ्यांसाठी, ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे ४० ग्रॅमच्या वर, चार छोट्या पेगांएवढी. आणि गोव्याहून आणलेली काजूची फेणी जवळपास व्हिस्कीच्याच ताकदीची असते, हुर्राक त्यामानाने हलका, पण हुर्राक लोक ग्लासाने पितात. घरगुती काढलेल्या दारूत किती टक्के आहे हे काढणाऱ्यालाही माहीत नसतं, त्यामुळे तिथे हा हिशोबच लागू होत नाही.

अजून एक गोष्ट जी मला महत्त्वाची वाटते. काही जण मुद्दाम घेतात कारण "टाइम वाढतो". वाढतो, कारण जाणीव बोथट झालेली असते. पण ज्या बोथटपणाने टाइम वाढतो त्याच बोथटपणाने ताठरता सुटते, एकच औषध आहे ते, निवड करता येत नाही. आणि एकदा दोनदा असं फसलं की पुढच्या वेळी, न पिता सुद्धा, डोक्यात "आज तरी होईल ना" चालू राहतं. ती भीती धावपळीची वायरिंग चालू करते, ती आवळते, परत फसतं. मग हे टेन्शन घालवायला आधी दोन पेग. अशा तिशीतल्या मुलांच्या रक्तवाहिन्या बऱ्याचदा व्यवस्थित असतात, ते फक्त या चक्रात अडकलेले असतात.

## सिगरेट: वीस सेकंदात मेंदूत

दारूबरोबर सिगरेट जातेच. धूर ओढल्यावर निकोटीन दहा-वीस सेकंदात मेंदूत पोचतं आणि धावपळीची वायरिंग पेटवतं. नाडी वाढते, प्रेशर वाढतं, बारीक रक्तवाहिन्या आवळतात, हाताची बोटं गार पडतात. बोटांच्या नळ्या आवळतात तर खालच्या का नाही आवळणार.

२००८ साली अमेरिकेत यावर एक सुंदर प्रयोग झाला. २८ निरोगी, सिगरेट न ओढणारे पुरुष घेतले. त्यांना एकदा ६ मिलिग्रॅम निकोटीनचं च्युइंगम दिलं आणि एकदा तसंच दिसणारं खोटं च्युइंगम, कुठलं खरं ते कोणालाच माहीत नव्हतं. नंतर कामुक फिल्म दाखवून ताठरता यंत्राने मोजली. निकोटीनच्या दिवशी ती २३ टक्के कमी भरली. आणि मनात किती उत्तेजना वाटली असं विचारलं तर दोन्ही दिवशी उत्तर सारखंच. यात धूर नव्हता, आधीचं व्यसन नव्हतं, वय नव्हतं. नुसतं निकोटीन, तेही एकदाच. आमच्याकडच्या लोकांसाठी मी हा प्रयोग मुद्दाम सांगतो, कारण तो सिगरेटचा नाही, तोंडातल्या निकोटीनचा आहे.

## "मी ओढत नाही, फक्त तंबाखू-चुना"

हे वाक्य मला सगळ्यात जास्त ऐकू येतं. महाराष्ट्रात धूर ओढणारे खरंच कमी आहेत. २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ ओढणारे होते आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला प्रश्न तोंडातला आहे. आणि पाकिटावरचं भीतीदायक चित्र गालाचं असल्यामुळे लोकांना वाटतं की नुकसान झालंच तर गालाला.

तांडेल पहिल्यांदा आला तेव्हा त्याने बोलता बोलताच तळहातावर मळायला घेतली. ओंजळीत तंबाखू, अंगठ्याच्या नखाने डबीतला चुना, दोन मिनिटं मळणं, वरून थाप, आणि ओठ खाली ओढून आत. मी विचारलं चुना कशाला? म्हणाला, "त्याशिवाय लागणा नाय." अगदी बरोबर आहे, आणि का लागत नाही ते समजून घेण्यासारखं आहे. तंबाखूतलं निकोटीन नुसत्या थुंकीत गालाच्या चामडीतून सहज शिरत नाही. चुना क्षार आहे, तो मिसळला की निकोटीनचं रूप बदलतं आणि ते ओठाच्या पातळ चामडीतून सरळ रक्तात उतरतं. चुना म्हणजे दार उघडणारा माणूस.

सिगरेटचं निकोटीन झपकन चढतं आणि पटकन उतरतं. तंबाखूचं हळू चढतं, अर्ध्या तासाने वर पोचतं आणि तिथेच रेंगाळतं, आणि एका चिमटीतून शरीरात जाणारं एकूण निकोटीन एका सिगरेटपेक्षा कमी नसतं, बरेचदा जास्तच. रक्तातलं अर्धं निकोटीन निघून जायला साधारण दोन तास लागतात. आता तांडेलाचा दिवस बघा. पहाटे चारला पहिली चिमूट, मग दर दीड-दोन तासाने एक, दिवसाला दहा. अर्धं निघायच्या आत पुढची. दुपारपर्यंत पातळी एका उंचीवर जाऊन बसते आणि झोपेपर्यंत खाली येतच नाही. ओढणाऱ्या माणसाच्या दोन सिगरेटींच्या मध्ये पातळी निदान थोडी तरी उतरते, याची रक्तवाहिनी मात्र दिवसभर थोडी थोडी आवळलेलीच. रात्री जेवण झाल्यावर शेवटची चिमूट लावून तो आत जायचा. त्या च्युइंगमच्या प्रयोगातले २८ लोक एकदा जिथे होते तिथे हा रोज रात्री असायचा.

मशेरीचंही तेच. भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावतात आणि तिला दात घासणं म्हणतात, व्यसन नाही म्हणत, पण अर्धा अर्धा तास हिरड्यांवर राहिलेली मशेरी निकोटीनच देते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे तरी तो मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात सुपारीही असते, जी स्वतः नाडी वाढवणारी आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सिगरेटच्या धुरात निकोटीनशिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि शेकडो जाळणारी रसायनं असतात, ती नायट्रिक ऑक्साइड जागेवरच संपवतात. तोंडातल्या तंबाखूत तो धूर नाही. आणि सिगरेटवर जितका अभ्यास झालाय तितका चघळायच्या तंबाखूवर झालेला नाही. म्हणून "दोन्हींचं नुकसान अगदी सारखं" असं मी म्हणणार नाही. पण निकोटीनचा भाग दोन्हीत आहे, आणि प्रेशर वाढवायचं काम दोन्ही करतात.

## पंधरा-वीस वर्षांनी: खाडीच्या तोंडाशी गाळ

आतापर्यंत जे सांगितलं ते उतरणारं आहे. दारू सकाळपर्यंत उतरते, निकोटीन दिवसभरात. आता न उतरणारं.

रक्तवाहिनीला आतून एका पेशीच्या जाडीचं गुळगुळीत अस्तर असतं. नायट्रिक ऑक्साइड तिथेच बनतं. रोजचा धूर, रोजचं वाढलेलं प्रेशर, साखर यांनी ते अस्तर खरखरीत होतं, निरोप्या कमी बनवतं, आणि मग भिंतीत चरबीचा थर बसायला लागतो. खाडीच्या मुखाशी गाळ साचला की भरतीचं पाणी तेवढंच येतं पण आत शिरायला कमी मिळतं, तसं. फरक एवढाच की सगळ्या खाड्यांची तोंडं सारख्या रुंदीची नसतात. लिंगातल्या धमनीची रुंदी एक ते दोन मिलिमीटर, हृदयाच्या धमनीची तीन ते चार. तेवढाच गाळ बारीक नळीत आधी जाणवतो. म्हणून अनेकांमध्ये ताठरतेची तक्रार छातीत दुखण्याच्या दोन-तीन वर्षं आधी येते. चाळिशीतल्या माणसाला हळूहळू ही तक्रार सुरू झाली आणि तो ओढणारा असेल तर मी गोळीच्या आधी ईसीजीचं नाव काढतो, ते यासाठी.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये चाळीस ते सत्तर वयाच्या पुरुषांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. सुरुवातीला ज्यांना तक्रार नव्हती त्यातल्या न ओढणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांना नंतर मध्यम किंवा पूर्ण अडचण आली, ओढणाऱ्यांपैकी २४ टक्क्यांना. म्हणजे सगळ्यांना होत नाही, पण शक्यता जवळपास दुप्पट.

दारूचा लांबचा रस्ता वेगळा आहे. रोज जास्त पिणाऱ्याची वृषणं टेस्टोस्टेरॉन कमी बनवायला लागतात, आणि लिव्हर खराब झालं की बायकांमधलं मुख्य हॉर्मोन शरीरात साठतं, म्हणून काही जुन्या पिणाऱ्यांची छाती वाढलेली दिसते. दुसरं, नसा झिजतात, अर्धी दारूने आणि अर्धी व्हिटॅमिन बी-वनच्या कमतरतेने, कारण पिणारा नीट जेवत नाही. पायाला मुंग्या, तळव्यांची जळजळ सुरू झाली की समजायचं त्याच जातीच्या नसा खालीही आहेत. भारतात २००७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात दारूचं व्यसन जडलेल्या १०० पुरुषांपैकी ७२ जणांना एक तरी लैंगिक तक्रार होती.

## आपलं कुठलं आहे, कालच्या दारूचं की नळीचं?

याची एक घरच्या घरी करायची परीक्षा आहे. निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते, स्वप्नांच्या झोपेत. पहाटे जाग येताना दिसते ती त्यातलीच शेवटची. तिथे टेन्शन नाही, बायको काय म्हणेल नाही, काही नाही. ती नीट येत असेल आणि फक्त रात्री जमत नसेल तर नळ्या आणि नसा बहुतेक ठीक आहेत, कारण दारू, थकवा किंवा मन आहे. ती महिनोन्महिने हळूहळू कमी होत बंद पडली असेल तर नळीकडे, नसांकडे, साखरेकडे बघायला हवं.

पण एक चूक सगळे करतात. पिऊन झोपलेल्या रात्रीनंतरची सकाळ धरायची नाही. दारू स्वप्नांची झोपच तोडते, त्यामुळे त्या सकाळी काही दिसलं नाही तर त्याचा अर्थ काहीच नाही. न पिता निदान दहा-बारा दिवस जाऊ द्या आणि मग बघा.

कडकपणा मोजायला डॉक्टर एक ते चार आकडे वापरतात. एक म्हणजे आकार वाढतो पण कडक नाही, दोन म्हणजे थोडं कडक पण आत जाण्याइतकं नाही, तीन म्हणजे काम होतं पण पूर्ण कडक नाही, चार म्हणजे पूर्ण. डॉक्टरला "ताकद कमी झाली" म्हणण्यापेक्षा "दोन वर्षांपूर्वी चार होतं, आता तीन, पिऊन असलो तर दोन, सकाळी आठवड्यातून एकदाच" असं सांगा, अर्धं निदान तिथेच होतं.

## तांडेलाचं काय झालं

वय ४२. सतरा वर्षं तंबाखू-चुना, बोटीवर रात्री जागायला बिडी, किनाऱ्याला आला की क्वार्टर. चार वर्षांपूर्वी पिऊन असताना जमेनासं झालं, ते त्याने मनावर घेतलं नाही. दोन वर्षांपासून न पिताही तीनवर आलं, मग दोनवर. सकाळची जवळपास बंद. त्याने घरी काही सांगितलं नाही, नुसता लांब झोपायला लागला, आणि बायकोची समजूत झाली की बंदरावर दुसरी कोणीतरी आहे. हे त्याने मला सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. गोळी त्याला मी दिली नाही, ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, आणि त्याच्याबाबतीत तर प्रेशर आणि हृदय तपासल्याशिवाय देणं बरोबर नव्हतं.

डॉक्टरकडे प्रेशर निघालं १५० वर ९६. उपाशीपोटी साखर ११८, म्हणजे डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर. ईसीजी ठीक. डॉक्टरांनी प्रेशरची गोळी सुरू केली आणि तंबाखू सोडायला सांगितली. तो म्हणाला, "बोटीर सोडूक जमाचा नाय, रातचो डोळो उघडो रवणा नाय." मग ठरलं की जून-जुलैत मासेमारी बंद असते ते ६१ दिवस धरायचे, कारण तेव्हा रात्र जागायची नसते.

निकोटीनचं च्युइंगम त्याला दिलं. आणि त्याने नेमका प्रश्न विचारला जो तुम्हालाही पडला असेल, की च्युइंगममधल्या निकोटीननेच तर ताठरता कमी झाली होती ना त्या प्रयोगात? बरोबर आहे. फरक असा की च्युइंगम दर आठवड्याला कमी करायचं असतं आणि दोन-तीन महिन्यात शून्यावर न्यायचं असतं, तंबाखू आपण कधीच कमी करत नाही. निकोटीनच्या पट्टीने सोडणाऱ्या पुरुषांवर आठ आठवड्यांचा अभ्यास झालाय, जे खरंच सुटले त्यांची मोजलेली ताठरता न सुटलेल्यांपेक्षा सुधारली. वापरायची रीतही समजावून द्यावी लागते. साध्या गमसारखं चघळत राहायचं नाही. चार-पाच वेळा चावायचं, झिणझिण लागली की गालात ठेवायचं, झिणझिण गेली की परत. चघळत राहिलं तर निकोटीन पोटात जातं, उचकी आणि मळमळ होते आणि लोक म्हणतात हे सूट होत नाही. तंबाखूवाल्याला गालात ठेवायची सवय असतेच, त्याला ते दोन दिवसात जमलं.

पहिला आठवडा चिडचिडीत गेला. दोनदा घसरला, एकदा लग्नात. दारू त्याने पूर्ण सोडली नाही, शनिवारी दोन छोटे पेग यावर आणली. सहाव्या आठवड्यात येऊन म्हणाला, सकाळची परत दिसली, या आठवड्यात तीनदा. जुलैच्या शेवटी प्रेशर १३४ वर ८६, आणि त्याच्या भाषेत "साडेतीन".

असं सगळ्यांचं होत नाही. २००४ साली छापून आलेल्या इराणमधल्या अभ्यासात सिगरेट सोडलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याची ताठरता वर्षभरात सुधारली, आणि ओढत राहिलेल्यांपैकी एकाचीही नाही. वय कमी, तक्रार नवी, तर सुधारणा जास्त. गाळ पक्का बसलेला असेल, साखर वीस वर्षांची असेल, तर सोडून पुढची घसरण थांबते पण गेलेलं सगळं परत येत नाही.

## "आमच्या आज्याने आयुष्यभर खाल्ली, आठ पोरं झाली"

आठ पोरं बहुतेक पस्तिशीच्या आत झाली. गाळ दिसायला लागतो चाळिशी-पन्नाशीत, आणि तेव्हा आज्याला कोणी विचारलं नाही आणि तो कोणाला सांगणार नव्हता. शिवाय मूल होणं आणि ताठरता चांगली असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, तीनवरही मूल होतं.

## "थोडी दारू चांगली असते असं वाचलंय"

काही सर्व्हेंमध्ये अगदी माफक पिणाऱ्यांत ही तक्रार न पिणाऱ्यांपेक्षा थोडी कमी दिसते. पण न पिणाऱ्यांत आजारपणामुळे दारू सोडलेलेही धरलेले असतात, आणि माफक पिणारे एरवीही तब्येतीने, पैशाने बरे असतात. म्हणून दारू सुरू करायला हे कारण पुरत नाही. उलट हे मात्र नक्की की ज्या रात्री जवळ यायचं त्या रात्री एक-दोन छोट्या पेगांच्या वर गेलात तर फायदा संपतो.

आणि रोज सकाळपासून पिणाऱ्याने एकदम बंद करू नये. हात थरथरणं, घाम, भास, फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. तिथे डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडायची.

## "मग गोळी घेतो ना, सोडायचं कशाला?"

ती गोळी नायट्रिक ऑक्साइड तयार करत नाही. तो निरोप्या जे काम सुरू करतो ते लवकर पुसलं जाऊ नये एवढंच ती बघते. निरोपच कमी येत असेल तर ती टिकवणार काय? म्हणून जास्त ओढणाऱ्यांना गोळीचा गुण कमी येतो आणि ते मग दोन-दोन घेतात. भरपूर पिऊन घेतली तर प्रेशर एकदम पडतं, चक्कर येते. मटण-वडे खाऊन घेतली तर तासभर उशिरा लागते आणि माणसाला वाटतं गोळी डुप्लिकेट.

खरा धोका मात्र पुढे आहे. छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट खूप जणांच्या खिशात असते. ती आणि ही गोळी एकत्र झाली तर प्रेशर इतकं पडू शकतं की माणूस जातो. आणि एस्टी स्टँडवर, जत्रेत मिळणाऱ्या "आयुर्वेदिक पॉवर" पुड्यांमध्ये बरेचदा हीच गोळी कुटून घातलेली सापडली आहे, किती ते लिहिलेलं नसतं. खिशात सॉर्बिट्रेट असलेल्या माणसाने जत्रेतली पुडी घेतली तर त्याला कळतही नाही की त्याने काय एकत्र केलं.

तंबाखू सोडायला सरकारचा फुकट नंबर आहे, १८००-११-२३५६, पाकिटावरही छापलेला असतो. नाव न सांगता बोलता येतं.

बोटी ऑगस्टमध्ये सुटल्या त्याच्या आदल्या दिवशी तांडेल दुकानात आला. गर्दी होती, पण या वेळी तो बाजूला उभा राहिला नाही. काउंटरवर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाला, च्युइंगमच्या चार पट्ट्या दे, रात्रीची पाळी माझी आहे.